सुताराला बोलावण्याआधी : हॉलमध्ये साउंडबार आणि स्पीकर कुठे ठेवायचे

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की आपल्याकडे कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी पीओपी, मग रंग, मग सुतार. सुतार टीव्ही युनिट करून जातो, त्यावर टीव्ही चढतो, आणि दिवाळीच्या ऑफरमध्ये राजारामपुरीतून नाहीतर लक्ष्मीपुरीतून साउंडबार घरी येतो. तोवर त्याची जागा दुसऱ्याच कुणीतरी ठरवून टाकलेली असते : युनिटमधला सहा इंच उंचीचा कप्पा. बार त्यात अगदी मापात बसतो, दिसतोही छान, आणि आठवड्याभरात तक्रार सुरू होते की एवढे पैसे घातले तरी बोलणं काही नीट कळत नाही.

बहुतेक घरांत दोष बारचा नसतो, जागेचा असतो. आणि जागा बदलायला पैसे लागत नाहीत, लागलेच तर एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि रविवारची दुपार. खाली जे सांगतोय ते एकच हॉल डोळ्यांसमोर ठेवून, कारण कोल्हापुरातल्या फ्लॅटमधले पुष्कळ हॉल थोड्याफार फरकाने असेच आहेत.

हा हॉल माझ्या मावशीचा. लांबी १६ फूट, रुंदी ११ फूट, उंची साडेनऊ. १६ फुटी भिंतीवर मधोमध ५५ इंची टीव्ही, त्याखाली सात फूट रुंदीचं युनिट. समोरच्या भिंतीला टेकून तिघांचा सोफा. सोफ्यावर बसलं की डाव्या हाताला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, उजव्या हाताला भिंतच नाही, तिथून डायनिंग सुरू होतं. खाली गुळगुळीत टाइल्स. सामान म्हणाल तर एक साउंडबार, एक वायरलेस सबवूफर आणि मागे ठेवायचे दोन छोटे स्पीकर. मावशीचं म्हणणं असं : “ही बातम्यांतली बाई काय बोलतीया कळंनाच बघ, आन् गाणं लागलं की शोकेसच्या काचा थडथडत्यात.”

या एका वाक्यात दोन वेगळे आजार आहेत. पहिला बारच्या जागेचा, दुसरा सबवूफरच्या. औषधंही वेगळी.

आधी माणूस कुठे बसणार ते ठरवा

टेप घ्या, आणि घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त टीव्ही बघतं त्याला नेहमीच्या जागी बसवा. जमिनीपासून कानापर्यंतची उंची मोजा. नेहमीच्या सोफ्यावर ती ३८ ते ४० इंच भरते. बैठक खोल आणि मऊ असेल तर दोन-तीन इंच कमी. मग टीव्हीच्या भिंतीपासून कानापर्यंतचं अंतर मोजा. मावशीकडे ते दहा फूट आलं, म्हणजे मागच्या भिंतीपासून कान जेमतेम एक फूट पुढे. हा एक फूट लक्षात ठेवा, सबवूफरच्या वेळी कामाला येणार आहे.

आता टीव्हीच्या बरोबर मध्यातून सोफ्याकडे सरळ रेघ मारली तर ती कुठे येते ते बघा. मावशीकडे ती सोफ्याच्या मधल्या गादीवर न येता उजव्या हाताच्या गादीवर येत होती, कारण दाराजवळच्या चपलांच्या कपाटाला जागा करण्यासाठी सोफा सव्वा फूट सरकवला होता. अशा वेळी लोक बार सरकवतात. बार सरकवू नका, सोफा सरकवा. बार टीव्हीच्या मध्यातून हलला की चेहरा एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असं होतं, आणि ते कुणालाही लगेच खटकतं. कपाट तिसरीकडे गेलं, एवढंच.

बार : कप्प्यातून बाहेर

कप्प्यात ठेवलेला बार डब्यात तोंड घालून बोलणाऱ्या माणसासारखा वाजतो, आणि त्यामागे साधं कारण आहे. बारमधून निघालेला आवाज सरळ तुमच्याकडे येतो, आणि कप्प्याच्या तळाला, छताला, बाजूच्या प्लायला आपटूनही येतो. ही आपटून येणारी लाट किंचित उशिरा पोचते आणि मूळ आवाजात मिसळते. त्यात कप्प्यातली कोंडलेली हवा आवाजाचा खालचा, जाड भाग फुगवते. माणसाच्या बोलण्यात शब्द ओळखू येतात ते स, त, क, च अशा व्यंजनांमुळे, आणि ती असतात बारीक, वरच्या पट्टीतली. जाड भाग फुगला की ती बुडतात. आवाज वाढवला तर जाडपणाही वाढतो, म्हणून व्हॉल्यूम चढवून काही उपयोग होत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बार पुढे ओढणं. समोरची जाळी फळीच्या कडेच्या अर्धा इंच बाहेर आली पाहिजे. फळी बारच्या पुढे चार-पाच इंच उरली असेल तर तेवढ्या फळीवरूनही आवाज उसळतो. ओढण्याआधी आणि ओढल्यावर त्याच व्हॉल्यूमला बातम्या लावून ऐका. फरक पडला तर त्याच क्षणी कळेल, वाट बघायला लागणार नाही.

पण बारच्या वरच्या बाजूला किंवा दोन्ही टोकांना जाळी असेल, तर पुढे ओढूनही भागत नाही. वरची जाळी म्हणजे छताकडे तोंड केलेले स्पीकर. डॉल्बी अ‍ॅटमॉस लिहिलेल्या पुष्कळ बारमध्ये ते असतात. त्यांचा आवाज छताला लागून सोफ्यावर उतरायचा असतो. कप्प्यात तो सुताराच्या प्लायला लागून तिथेच संपतो. असा बार कप्प्यात ठेवायचा असेल तर निम्मे पैसे दुकानातच सोडून आलात असं समजा. मावशीचा बार असाच होता. युनिटचा माथा जमिनीपासून २२ इंचांवर, टीव्हीची खालची कड २९ इंचांवर, मध्ये सात इंच मोकळे. बारची उंची अडीच इंच. म्हणजे तो सरळ युनिटच्या माथ्यावर, टीव्हीच्या खाली बसला आणि वर साडेचार इंच उरले. फक्त बार इतका पुढे घेतला की वरच्या जाळीवर टीव्हीची सावली पडत नाही. कप्प्यात आता सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर आहे, आणि खरं तर तो कप्पा त्यांच्याच लायकीचा आहे.

टीव्ही स्टँडवर उभा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. बहुतेक टीव्हींचा रिमोटचा डोळा खालच्या कडेला असतो. पुढे ठेवलेला बार उंच असला तर तो डोळा झाकला जातो, मग रिमोट चालत नाही आणि लोक त्याचे सेल बदलत बसतात.

उंचीचा प्रश्न नेहमी येतो. बार कानाच्या पातळीला असणं उत्तम, पण टीव्हीखाली ठेवला की तो फूट-सव्वा फूट खाली राहणारच. नऊ-दहा फुटांवरून बसणाऱ्याला ते चालून जातं. युनिट फारच बुटकं, १२-१५ इंचांचं असेल, तर बारच्या पुढच्या कडेखाली रबराचे दोन तुकडे देऊन त्याचं तोंड किंचित वर करा. छताकडे तोंड केलेले स्पीकर असतील तर मात्र असं तिरकं करू नका, छतावरचा टप्पा चुकतो. आणि टीव्ही साडेचार-पाच फुटांवर टांगला असेल, जे आपल्याकडे सर्रास दिसतं, तर बार टीव्हीच्या वर मुळीच लावू नका. खाली, चार इंचांच्या आत, भिंतीला ब्रॅकेटवर लावा. खरं तर टीव्हीच खाली आणावा. मान दुखायची तीही थांबेल.

छतावरचा टप्पा पडतो बार आणि सोफा यांच्या साधारण मध्यावर. तिथे छत सपाट आणि कठीण हवं. उंची आठ ते बारा फुटांच्या आत असली तर ठीक. त्याच जागी पंख्याची पाती किंवा पीओपीची खोल पायरी आली तर वरून येणारा आवाज विखुरतो. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या घरांत तुळया आणि फळ्यांचं माळवद आहे. तिथे छतावर आवाज उसळवणाऱ्या बारसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या घरांत साधा बार, किंवा त्याहून चांगलं म्हणजे दोन स्पीकर.

बाजूंचं काय? काही बार दोन्ही टोकांतून आवाज भिंतींवर मारून हॉल रुंद असल्याचा भास करतात. मावशीकडे डावीकडे काच, उजवीकडे मोकळी हवा. काचेवरून आवाज परत येतो, डायनिंगकडे गेलेला येत नाही, त्यामुळे गाणं डावीकडे झुकलेलं वाटायचं. काचेवरचा जाड पडदा बारच्या बाजूचा तीन फूट ओढला आणि झुकाव गेला. बारला मायक्रोफोनने खोली मोजायची सोय असेल तर ती वापराच, पण पडदे नेहमी जसे असतात तसे ठेवून, पंखा बंद करून आणि हॉलमध्ये गर्दी नसताना. सोफा किंवा सबवूफर हलवला की ते मोजमाप पुन्हा करायचं.

सबवूफर : कोपरा सोडून बघा

सबवूफर कोपऱ्यात ठेवतात ते जागा वाचते म्हणून. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन तिन्ही मिळून बास वाढवतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ऐकणारा खूश होतो. मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतींची सवय झालेल्या कानांना तर फारच. पण हा बास सगळ्या सुरांवर सारखा वाढत नाही, आणि घोळ तिथेच आहे.

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून घुमतात. कुठले, ते अंतरावरून काढता येतं. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. ११३० ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. मावशीच्या ११ फुटी रुंदीला २२ ने भागलं की ५१ हर्ट्झ. साडेनऊ फुटी उंचीला १९ ने भागलं की ५९. दोन्ही आकडे जवळजवळ, म्हणजे ५० ते ६०च्या आसपासचा बास या खोलीत दुप्पट घुमणार. आणि घुमणारा सूर भिंतीजवळ सगळ्यात जोरात असतो. सोफा तर भिंतीलाच टेकलेला. शोकेसच्या काचा थडथडत होत्या त्या याच सुरांनी. मोबाइलवर टोन जनरेटरचं फुकट अ‍ॅप मिळतं. मोबाइल बारला जोडून, आवाज हळू ठेवून ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत गेलं की आकडा पन्नाशीत येताच काच बोलायला लागायची. काचेच्या कडेला चिकटवायचे छोटे रबरी ठिपके हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते लावले. थडथड थांबली, घुमणं अजून होतं.

पुष्कळ जण सांगतात की सोफा फूटभर पुढे ओढा. त्याने बासवर फारसा परिणाम होत नाही. ११ फुटांच्या खोलीत हा सूर जाणवेल इतका उतरायला डोकं भिंतीपासून पावणेतीन-तीन फूट पुढे यावं लागतं, आणि मग हॉलमध्ये चालायला जागा राहत नाही. म्हणून सोफा राहू द्या, सबवूफर हलवा. कुठे हलवायचा हे शोधायची जगभर वापरली जाणारी एक रीत आहे, थोडी हास्यास्पद दिसते, पण चालते.

सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, बरोबर तुम्ही बसता त्या जागी. खाली जुनी चादर घाला, सोफ्याला डाग नकोत. एक्स्टेन्शन बोर्डाने वीज द्या. मग असं गाणं लावा ज्यात बास गिटार एकाच ठोक्यावर न थांबता वरखाली सुरांत फिरतं. आता तुम्ही जमिनीवर रांगत भिंतीच्या कडेकडेने जा, कान सबवूफरच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून फूटभर. खोलीचा नियम दोन्ही बाजूंनी सारखा लागू होतो : सोफ्यावरच्या सबवूफरचा आवाज जिथे चांगला ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवला तर सोफ्यावर तसाच चांगला ऐकू येईल. काही जागी एक सूर गर्जतो आणि पुढचे दोन गायब होतात. काही जागी बास जवळजवळ नाहीसा होतो. तुम्हाला शोधायची आहे ती जागा जिथे सगळे सूर सारख्या जोराने येतात. सगळ्यात जोरात वाजणारी जागा निवडू नका, ती कोपऱ्यातच निघेल. बरी वाटलेल्या दोन-तीन जागांवर फरशीला मास्किंग टेप लावून ठेवा.

एक बंधन पाळा : शोध टीव्हीकडच्या अर्ध्या खोलीतच करा. खूप खोल बास कुठून येतो हे कानाला कळत नाही, हे खरं. पण साउंडबारसोबत येणारे सबवूफर पुष्कळदा दीडशे हर्ट्झच्या आसपासपर्यंतचं काम करतात, कारण बारमधले स्पीकर लहान असतात. तिथे पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग येतो. असा सबवूफर सोफ्याच्या मागे ठेवला तर पडद्यावरच्या माणसाची छाती तुमच्या मागे बोलते.

मावशीकडे हा सबवूफर बाल्कनीच्या दाराजवळ, सोफ्याच्या हातामागच्या कोपऱ्यात होता. रांगून झाल्यावर टीव्हीच्या भिंतीवर डाव्या कोपऱ्यापासून चार फुटांवरची, युनिटला लागूनची जागा सगळ्यात सरस ठरली. १६ फुटांचा हा चौथा भाग, आणि बंद खोलीत चौथ्या भागावरची जागा पुष्कळदा बरी निघते, त्यामुळे शोध तिथून सुरू करायला हरकत नाही. पण इथे उजवी बाजू डायनिंगकडे उघडी असल्याने लांबीचं गणित नीट जुळत नाही. शेवटी कानावरच भरवसा ठेवावा लागतो. योगायोगाने युनिटच्या मागेच प्लग पॉइंट होता, त्यामुळे वायर दिसतही नाही. ५१चा फुगवटा पूर्ण गेला का? नाही. कानच भिंतीजवळ आहेत, तो जाणार कसा. पण सबवूफरची पातळी दोन पायऱ्या उतरवल्यावर घुमणं बोलण्याच्या आड येईनासं झालं.

पातळी ठरवायची रीतही सांगून टाकतो. सबवूफर अगदी खाली न्या आणि पुरुष निवेदकाच्या बातम्या लावा. एक एक पायरी वर चढवत जा. निवेदक नळीतून बोलतोय, छातीवर हात ठेवून बोलतोय असं वाटलं की थांबा आणि एक पायरी खाली या. सिनेमा बघताना तुम्हाला ती पातळी कमी वाटेल. तेव्हा वाढवा, पण परत उतरवायला विसरू नका.

सबवूफरच्या खाली दाट रबराची चटई द्या आणि भिंतीपासून चार-सहा इंच मोकळे सोडा. हवेचं भोक मागच्या बाजूला असेल तर हे अंतर हवंच. चटईने फरशीत उतरणारा कंप कमी होतो. हवेतून जाणारा बास मात्र खालच्या मजल्यावर जातोच, त्यावर चटईचा इलाज नाही. रात्री दहानंतर बारवरचा नाइट मोड लावा.

मागचे दोन स्पीकर, आणि बार नसेल तर पुढचे दोन

मागच्या स्पीकरचं तुलनेने सोपं आहे. सोफा भिंतीला टेकलेला असला की ‘मागे’ जागाच उरत नाही, म्हणून ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या रेषेत किंवा किंचित मागे, कानापेक्षा फूट-दोन फूट उंच ठेवा. तोंड एकमेकांकडे, किंचित खाली. उंच ठेवले की कडेला बसलेल्या माणसाच्या कानात थेट ओरडत नाहीत. पडद्यामागे, फुलदाणीमागे, देवघराच्या कप्प्यात घालू नका. वायरलेस असले तरी प्रत्येकाला विजेचा प्लग लागतो. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही आणि घरी आल्यावर हॉलच्या मधून एक्स्टेन्शन फिरतो. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना पॉइंट नसतील तर मागचे स्पीकर घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, नाहीतर घेऊच नका. पुढचा बार आणि सबवूफर नीट बसले असतील तर त्यांच्यावाचून फारसं अडत नाही.

ज्यांच्या घरी टीव्हीपेक्षा गाणी जास्त वाजतात त्यांनी बारऐवजी अँप्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर यांचा विचार करावा. त्यांची मांडणी एका त्रिकोणात : दोन स्पीकरमधलं अंतर जेवढं, साधारण तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंतचं. मावशीच्या हॉलमध्ये कानापासून नऊ फूट असतील तर स्पीकरही आठ-नऊ फुटांवर हवेत, म्हणजे सात फुटी युनिटच्या बाहेर, स्टँडवर. युनिटवरच ठेवायचे तर निदान दोन टोकांना, कडेला, आणि तोंड किंचित आत वळवून. बारीक आवाजाचा छोटा गोल पडदा कानाच्या उंचीला यावा. वायर जोडताना लाल खूण लाल टोकालाच, दोन्हीकडे. एका स्पीकरची उलटी जोडली गेली तर गायक मध्ये उभा राहत नाही, पोकळ होऊन सगळीकडे पसरतो आणि बास एकदम पातळ होतो. असं ऐकू आलं की दुसरं काही तपासण्याआधी वायर बघा.

टाइल्स, टाळी आणि घोंगडी

सोफ्याच्या जागी उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर बारीक ‘ट्रर्र’ असा शेपटासारखा आवाज आला तर तो दोन उघड्या भिंतींमध्ये धावणारा प्रतिध्वनी. बोलणं अस्पष्ट होण्यात त्याचाही वाटा असतो. बार आणि सोफ्याच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा घाला. टीपॉय काचेचा असेल तर त्यावर कापड पसरा. सोफ्यामागच्या भिंतीवर, डोक्यांच्या पातळीला, जाड लोकरीची घोंगडी टांगली तर टाळीचं शेपूट तुटतं. भिंतीला चिकटवण्यापेक्षा दोन-तीन इंच पुढे, दांडीवर टांगावी, जास्त शोषते. मावशीने घोंगडी टांगायला आधी साफ नकार दिला होता, “हॉल हाय का मेंढरांचा वाडा”, पण काळी, किनारवाली, घडी न पडलेली घोंगडी लावल्यावर आता आलेले पाहुणेच तिचं कौतुक करतात. बासवर मात्र घोंगडीचा काडीचाही परिणाम होत नाही. अंड्यांच्या ट्रेचा तर कशावरच धड होत नाही.

वायरी

पसारा दिसतो तो वायरींमुळे, आणि युनिट भिंतीला लागण्याआधी विचार केला तर त्यातल्या एक-दोनच उरतात. टीव्हीच्या मागून युनिटपर्यंत भिंतीत दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप घालून घ्या. एचडीएमआयचं तोंड रुंद असतं, पाऊण इंची पाइपमधून ते जात नाही. विजेच्या वायरी त्याच पाइपमधून नेऊ नका, त्यांचा वेगळा. भिंत आधीच रंगवून झाली असेल तर केसिंगची पट्टी लावून भिंतीचाच रंग मारा, दोन हातांवरून दिसत नाही. स्पीकरच्या वायरीला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घरातल्या अंतरांना पुरते. त्याहून महागाच्या मागे लागू नका.

बार टीव्हीला जोडायचा तो एचडीएमआयनेच, आणि टीव्हीवर ज्या भोकाशेजारी ARC किंवा eARC छापलेलं असतं त्यातच. बारच्या बाजूलाही तसंच लिहिलेलं भोक असतं. दुसऱ्या भोकात घातली तर चित्र येतं, आवाज येत नाही, आणि बार बिघडलाय असं वाटतं. मग टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत डिजिटल आउटपुट PCM वर असेल तर ते Auto किंवा Pass-through वर न्या, नाहीतर मागच्या स्पीकरना वेगळा आवाज मिळतच नाही, दोनच वाहिन्यांचा आवाज सगळीकडे वाटला जातो. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात असं दिसलं तर सेट-टॉप बॉक्स सरळ बारला जोडून बघा. शब्दच आधी येत असतील तर बारच्या सेटिंगमध्ये आवाज थोडा उशिरा सोडायची सोय असते, ती दहा-वीस मिलिसेकंदांनी वाढवत जा.

राहता राहिला आपला पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या बाजूच्या, विशेषतः पश्चिमेकडच्या भिंतींना ओल येते. सबवूफर आणि बुकशेल्फचे डबे दाबलेल्या लाकडी भुश्याचे असतात, ओल धरली की खालून फुगतात आणि वरचं विनाइल सुटतं. अशा भिंतीशी चार बोटं अंतर ठेवा, सबवूफर थेट फरशीवर न ठेवता त्या रबराच्या चटईवरच ठेवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो उचलून खालची कड बोटाने दाबून बघा. मऊ लागली तर जागा आत्ताच बदला, त्यासाठी दुसरी आणि तिसरी टेप फरशीवर लावून ठेवलेली आहेच.